फलकावरच्या चाळीस जागा

मला लिहायची सवय नाही, जमेल असंही वाटत नाही. पण आमच्या संस्थेत मुलांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या बाईंबद्दल कुणी काहीच लिहिलं नाही, आणि मी सतरा वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर टंकलेखक होतो.

फलकावर लागणारी प्रत्येक जाहिरात आधी बाई बघायच्या. कंपनीला फोन करून एकच गोष्ट खोदून विचारायच्या, की पगार कोण देणार आणि कोणत्या कामाचा. पलीकडचा माणूस ‘कमाईला मर्यादा नाही’ म्हणाला की फोन ठेवून कागद फाडायच्या. मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, “याला नोकर नकोय, गिऱ्हाईक हवंय.” तपासलेल्या जाहिरातीवर त्यांचा शिक्का पडायचा.

एका वर्षी त्यांचाच जुना विद्यार्थी टाय लावून आला. ट्रेनी मॅनेजर, चाळीस जागा, अनुभवाची गरज नाही. सोबत कंपनीच्या नोंदणीचा दाखला होता आणि तो खराच होता. या मुलाचे अर्ज एकेकाळी बाईंनीच भरून दिले होते. त्या इतक्या हरखल्या, की नेहमीचा प्रश्न विचारायचाच राहिला. जाहिरात मी टंकित केली. पगाराचा रकाना रिकामा होता. बाईंना सांगणारा मी कोण, असं वाटून गप्प बसलो.

अकरा मुलं गेली. तीन आठवड्यांनी त्यातली एक मुलगी पिशवी घेऊन परत आली. तिने सांगितलं, मुलाखतीत कामाचं कुणी विचारलंच नाही, त्याच दिवशी निवड झाली. तीन दिवस हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या. मग पावडरचे डबे स्वतः विकत घ्यायचे आणि नातेवाइकांची यादी करायची. पगार नाही. विकलेल्या मालावर कमिशन, आणि आपण आणलेल्या माणसांच्या खरेदीवर थोडं. तिने मामीला आणलं होतं. बाईंचा शिक्का आहे म्हटल्यावर मामीने काही विचारलं नव्हतं.

बाई मला घेऊन त्या ऑफिसात गेल्या. तुला महिन्याला पगार किती, असं त्या टायवाल्या विद्यार्थ्याला सरळ विचारलं. तो हसला आणि पगारावर जगणारे पुढे जात नाहीत असं काहीतरी पाठ केलेलं बोलला. मग बाजूला नेऊन हळूच म्हणाला, “हातात अजून काही नाही, बाई. पण तुमच्या अकरांमुळे वरच्या पायरीवर गेलो. आणखी पाच जण द्या ना, नाहीतर खाली येईन.”

त्याला स्वतःला अजून ते खरं वाटत होतं. बाईंना त्याला रागावताही आलं नाही.

सीलबंद डबे कंपनीने परत घेतले, फोडलेले घेतले नाहीत. मामीने मुलीला घरात घेणं बंद केलं, म्हणून बाई तिच्यासोबत गेल्या. चूक माझी आहे, पोरीची नाही, हे त्यांनी दारातच सांगितलं. मामीने पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. मग शांतपणे विचारलं, “या पोरीमागे तुम्हाला किती मिळाले, बाई?”

“काही नाही.”

“हो,” मामी म्हणाली, “हीसुद्धा मला हेच सांगत होती.”