दोनदा टेकलेलं बोट

ऑफिसात तिला शंकासूर म्हणत. गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या ॲपचे शिकवणीचे व्हिडिओ ती लिहायची. लांबण कापायची आणि एका क्लिपमध्ये एकच कृती ठेवायची. 'गोळीचं नाव लिहा' ही एक क्लिप, 'वेळ निवडा' ही दुसरी. वाक्यात 'आणि' दिसलं की ते तिला खिशात काहीतरी दडवलेल्या पाहुण्यासारखं वाटायचं.

नवी क्लिप ती आधी घरी मावशीला दाखवायची. आपण तोंड उघडायचं नाही, मावशीचं बोट कुठे अडतं तेवढं बघायचं. 'घरच्या माणसाला जोडा' ही क्लिप बघून मावशीने स्वतःच्याच फोनवरच्या ॲपमध्ये मुलाचा नंबर टाकला, पटकन पुढे गेली. "एवढंच होय?" बोट कुठेच अडलं नाही. क्लिप जमली म्हणून भाची खूश झाली.

संध्याकाळी मावशीच्या मुलाचा फोन आला. "आई, झोपेच्या गोळ्या घेतेस? कधीपासून?"

फोन ठेवून मावशीने तिच्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस."

"मी कशाला सांगू?"

"मग भिंतीने सांगितलं का?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने त्या क्लिपचं चित्रीकरण संथ करून पाहिलं. लिहिलेली कृती एक, नंबर टाका. बोट मात्र दोनदा टेकत होतं. दुसऱ्यांदा 'पुढे'वर, आणि त्याच्या वरच बारीक चौकोनात आधीपासून खूण होती: माझ्या गोळ्यांची यादी या व्यक्तीला दाखवा. मावशीचं बोट अडलं नाही, कारण अडायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"ही खूण मला दिलेल्या पायऱ्यांत का नव्हती?" तिने साहेबांना विचारलं.

"छोटं ठेवा, हा हट्ट कुणाचा?" साहेब हसले. "तुझाच ना?"

"छोटं म्हणजे एक काम. इथे दोन आहेत, त्यातलं एक आपण गिळलंय."

"अगं, सांगितलं तर लोक खूण काढतील."

"काढू देत."

साहेबांचं हसू मावळलं. "बघू," ते म्हणाले. हे 'बघू' तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. कुणाला विचारत न बसता तिने क्लिपचे दोन तुकडे केले. दुसऱ्यात एकच ओळ होती: 'यादी दाखवायची नसेल तर ही खूण काढा.' पडद्यावर बोट चौकोनावर थांबायचं, खूण जायची, क्लिप संपायची. दोन्ही तुकडे तिने त्याच दिवशी ॲपवर चढवून टाकले. उद्या खुर्ची राहील की नाही, कोण जाणे.

घरी मावशीने क्लिप पाहिली. फोन घेतला, खूण काढली.

"आता त्याला दिसणार नाही?"

"नाही."

"आणि तुला?"

"मला कधीच दिसत नव्हतं, मावशी."

"हं," मावशी म्हणाली, आणि तिच्याकडे पाठ करून फोन बंद करू लागली.