हळद लागलेले दोन खुंट

मंचरला जया मखर, कापडी केळीचे खुंट, प्लास्टिकच्या वेली असं सणाचं सामान भाड्यानं देते. स्वतःच्या पहिल्या गौरींना तिनं हौसेनं सामान विकतच घेतलं होतं, पण वर्षभरात माळ्यावरच्या उंदरांनी त्याचा भुगा केला. तेव्हापासून तिचं सांगणं एकच, “रोज लागणार असेल तर विकत घ्या. तीन दिवसांसाठी माझ्याकडून न्या.”

कळंबच्या श्रेयानं चार खुंट नेले. भाडं सहाशे, अनामत तीन हजार. न निघणारा डाग पडला, तर तो खुंट गिऱ्हाइकाचा आणि नवीनची किंमत अनामतीतून वळती, हे पावतीवर होतं आणि जयानं वाचूनही दाखवलं होतं. परत करायची मुदत गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. त्याच संध्याकाळी ते चारही खुंट एका मंडळाच्या सत्यनारायणाला जायचे होते.

श्रेया अकराला आली, सोबत सासूबाई प्रयागबाई. जयानं एकेक खुंट नेतानाच्या फोटोशी ताडून पाहिला. दोन खुंटांच्या बुंध्याला पिवळे पट्टे होते.

“घासून पाहिलं, ताई,” श्रेया खालमानेनं म्हणाली. “कुंकू गेलं, हळद नाही गेली.”

“मी लावली,” प्रयागबाई म्हणाल्या. “गौरीपुढची केळ, तशीच कोरडी ठेवायची व्हय? पाणीबी घातलं थोडं.”

“कापडाला पाणी, आत्या?” जयानं विचारलं.

“मग? ती काय उपाशी राहील?”

जयाला हसू आलं, पण घड्याळाकडे लक्ष गेलं. डागाची बाजू भिंतीकडे केली, तर मंडळाचं भागेल. ती तेच बोलली.

“न्हाई बाई,” प्रयागबाईंनी दोन्ही खुंट काखेत धरले. “आमी पुजलेली केळ दुसऱ्याच्या दारी भाड्यानं धाडायची न्हाई. पैसं काप, ही माझी.”

नवा खुंट सातशेला. म्हणजे चौदाशे. श्रेयाचा चेहरा उतरला. भाड्यानं आणू, हा हट्ट तिचाच होता.

“भाड्यानं आणून पैसं वाचलं म्हणायचं का गं?” सासूबाईंनी टोमणा मारलाच.

जयानं संध्याकाळची यादी पाहिली. मंडळाला दोन खुंट कमी पडत होते.

“आत्या, तुमच्याकडं खरी केळ आहे?”

“बांधावर रगड हाय.”

“मग ही का नेली?”

“हिला फोटू पाहिजेत. खरी म्हणं दुसऱ्या दिशी मान टाकती.”

“मंडळाचं एका रात्रीचं काम आहे. चारपर्यंत दोन ताजे खुंट पोचवा. तुमच्या ह्या दोन खुंटांचे मी घाऊक भावानं, साडेचारशेनं धरते.”

तिनं मंडळाला फोन करून दोन खुंट खरे, दोन कापडी येतील हे सांगितलं आणि त्यांचं भाडं कमी केलं. श्रेयाच्या हातात एकवीसशे ठेवले, पावतीवर ‘दोन नग विकले’ लिहिलं.

“पुढच्या साली दोनच न्यायची,” प्रयागबाई खुंट सांभाळत पायरी उतरल्या. “दोन घरची हायेत.”

“आणि उंदरांपासून जपा,” जया म्हणाली.