नानांचं लॉगआउट

आमच्या सरांना उद्घाटनाची भारी हौस. जळगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात साधी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम, जरी चालली, तरी नारळ फुटायचा आणि लॅपटॉपला हार पडायचा.

काम होतं फैजपूरच्या एका केळी व्यापाऱ्याचं. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांची केळी थंड कंटेनरमधून बंदरावर जायची. आतलं तापमान वाहतूकवाल्यांच्या पोर्टलवर, म्हणजे त्यांच्या वेबसाइटवर, दिसायचं. ते चढलं की माल पिकलाच म्हणून समजा. नाना रोज सकाळी चष्मा लावून पोर्टल उघडायचे, आकडा बघायचे आणि लॉगआउट करायचे. दुकानाचं कुलूप ओढून बघणारा माणूस तो, लॉगआउट कसलं विसरतोय! त्यांना हवं होतं एवढंच, की हा आकडा आपोआप फोनवर यावा.

सर म्हणाले, "हे मी स्वतः करतो. दहा मिनिटांचं काम आहे." मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

नानांना समोर बसवून सरांनी ऑफिसच्या लॅपटॉपवर त्यांना लॉगिन करायला लावलं, ब्राउझर सर्व्हरला काय विचारतो ते दाखवणारा नेटवर्क टॅब उघडला, तापमानाच्या रिक्वेस्टवर राइट क्लिक करून तिची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे कर्ल कमांड, कॉपी केली आणि तिचे हेडर, म्हणजे सोबत जाणाऱ्या सूचना, एकेक करून पायथनच्या प्रोग्राममध्ये चिकटवले. कुकीसकट, म्हणजे नानांच्या लॉगिनच्या पासासकट! सर्व्हरला माहिती जेसन नावाच्या मांडणीत हवी होती, हेडरही तसंच सांगत होता; पण सरांनी ती 'data=' मध्ये घातली, म्हणजे ती फॉर्म बनून गेली. सर्व्हरने 'विचारणाच चुकली' म्हणून ४०० तोंडावर मारला. मी 'json=' करून दिलं. मग उत्तर आलं, पण नुसती चित्रविचित्र अक्षरं. सर गंभीर चेहऱ्याने नानांना म्हणाले, "एन्क्रिप्शन आहे. लायसन्स घ्यावं लागेल."

कसलं डोंबलाचं एन्क्रिप्शन! ब्राउझरच्या हेडरमध्ये लिहिलं होतं, की मला ब्रोटली पद्धतीने दाबून लहान केलेलं उत्तरही चालेल. सर्व्हरने तसंच पाठवलं. ते उलगडणारी लायब्ररी आमच्या पायथनकडे नव्हती. मी 'accept-encoding'ची ती एक ओळ उडवली आणि तापमान लख्ख दिसलं. सर म्हणाले, "मी तेच सांगणार होतो." नारळ फुटला, पेढे वाटले.

"सर, ही कुकी आत्ताच्या लॉगिनची आहे," मी म्हटलं. "नानांनी लॉगआउट केलं की ती मेली."

"मॅडम, चालत्या गाडीला खीळ घालू नका." चालत्या गाडीचं चाक कुठलं, ते त्यांनाच ठाऊक.

उठता उठता नानांनी सवयीने लॉगआउट केलं. सर तेव्हा हारासकट फोटो काढून घेत होते.

दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टने विचारलं. सर्व्हरने मेलेली कुकी बघून लॉगिनच्या पानाकडे वळवलं. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी निमूटपणे तिकडे गेली आणि २००चा 'ठीक' निरोप घेऊन आली. पान आलं होतं ना, मग २००च मिळणार! सरांची तपासणी काय, तर तापमान चढल्यावर पोर्टल लिहितं तो 'ALARM' शब्द उत्तरात नसला की सगळं ठीक. लॉगिनच्या पानावर तो कशाला असेल? नानांच्या फोनवर मेसेज गेला: "सर्व ठीक आहे." हिरव्या खुणेसकट.

नानांनी त्या सकाळी पोर्टल उघडलंच नाही. कंटेनरचं मशीन वाटेतच बंद पडलं होतं. बंदरावर दार उघडलं, तर आत केळी पिवळीधमक.

नाना आले तेव्हा सर त्यांनाच म्हणाले, "तुम्ही लॉगआउट करायला नको होतं."

मला असा संताप आला ना! नाना मात्र शांतपणे म्हणाले, "दुकान उघडं टाकून घरी जाऊ का मी?"

सर चहा सांगायला बाहेर गेले. ऑफिसात पोरगा असूनही स्वतः गेले.

मी ती कर्लची उसनी कुकी फेकून दिली. दर वेळी स्वतः नवं लॉगिन करणारं सेशन घेतलं; आधी लॉगिनचं पान मागायचं, त्यातलं लपवलेलं, त्या वेळेपुरतंच चालणारं टोकन काढायचं, ते नानांच्या युजरनेम-पासवर्डसोबत पाठवायचं आणि मगच तापमान विचारायचं. उत्तर जेसन नसेल, आकडा नसेल, तर 'ठीक' म्हणायचं नाही. "माहिती मिळाली नाही, पोर्टल बघा," असं सरळ सांगायचं. नारळ फोडू दिला नाही.

ती स्क्रिप्ट आजवर एकदाही खोटं बोललेली नाही. परवा मी नानांना कौतुकाने फोन केला, "नाना, आता सकाळी बरोबर येतो ना मेसेज?"

"येतो ना पोरी, रोज येतो," ते म्हणाले. "थांब जरा, पोर्टल उघडतोय. आकडा पाहून घेतो, मंग वाचतो तुझा मेसेज."