काहीही आणा, खत होईल

देवळामागच्या तीन हौदांत फुलांचं खत करणारी बाई साऱ्या शहरात एकच, आणि ती म्हणजे धाकटी. वय पन्नाशीला टेकलं तरी घरचे धाकटी म्हणतात, म्हणून देवळातलेही तेच म्हणतात. देवळात झाडलोटीला लागली तेव्हा निर्माल्य पोत्यात भरून पुलावरून नदीत सोडायची. तिसऱ्या दिवशी तेच हार कुजून, पिशव्यांसकट पुलाच्या खांबाला लटकलेले असायचे. एकदा बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे काही आपण देवाला दिलं नव्हतं."

तेव्हापासून चार वर्षं तिचा दिवस दोऱ्यात जातो. प्रत्येक हाराचा नायलॉनचा दोरा ओढून काढायचा. जर, टाचण्या, उदबत्तीच्या काड्या वेगळ्या. फुलांचा थर, त्यावर सुक्या पाल्याचा थर, वर आंबट ताकाचा शिपका, आठवड्याला एकदा खालचं वर. दोन महिन्यांत काळंभोर खत. मुठीत धरलं तर मातीसारखं, वास मातीचा.

दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, रिक्षा चालवतो. बसेल त्या गिऱ्हाइकाला बहिणीचं खत सांगितल्याशिवाय मीटर टाकत नाही. त्यानंच आपल्या मुलीला व्हिडिओ करायला आणलं. पोरीनं मोबाइल धरला आणि धाकटीची दातखीळ बसली.

"आत्या, बोल ना काहीतरी."

"काय बोलू? दोरा काढायचा, एवढंच."

"सरक," दादा म्हणाला आणि स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. "लोकहो, नदीत काही टाकू नका. काहीही आणा, आमची धाकटी सगळ्याचं खत करते."

तीस सेकंद. दोऱ्याचं त्यात काही राहिलं नाही. चाळीस हजार लोकांनी बघितलं.

आणि लोकांनी खरंच काहीही आणलं. गाठ मारलेल्या पिशव्या, आत आठ दिवसांची ओली फुलं. काच फुटलेल्या तसबिरी, चुनऱ्या, नारळ, अंगाऱ्याच्या पुड्या. पहाटे देवळाचं दार उघडावं तर दाराशी ढीग. धाकटीला एकटीला निवडणं होईना. देवळाच्या गड्यांनी पिशव्या तशाच हौदात रिकाम्या केल्या. पंधरा दिवसांत हौद आंबले, चिकट काळं पाणी सुटलं, शेजारच्या इमारतीच्या खिडक्या बंद झाल्या.

देवळाचे अध्यक्ष नाकाला रुमाल लावून आले. "आठ दिवस देतो. वास गेला नाही तर हौद बुजवायचे आणि पोती पूर्वीसारखी नदीत."

धाकटीनं फावडं उचललं.

तिनं एकेक हौद उपसला. चादर पसरून तो चिखल सावलीत टाकला आणि दोरे, प्लास्टिक निवडायला बसली. बोटं दोऱ्यानं कापली होती, त्यात ते आंबट पाणी झोंबत होतं. दादा रिक्षा लावून आला.

"काय ग, लोक आणतायत ना? बघ, नाव झालं तुझं."

"दादा, उद्यापासून आणू नका म्हणून सांग."

"मी? चाळीस हजार लोकांपुढे बोललेला शब्द मागं घेऊ?"

"मग बस इथं."

तो बसला. एक हार, दुसरा, तिसरा. दहाव्या हाराला बोटातून रक्त आलं. अर्ध्या तासात त्याची पाठ धरली. समोरचा ढीग होता तेवढाच.

"हे तू रोज करतेस?"

"चार वर्षं."

त्यानं रक्ताचं बोट शर्टाला पुसलं. मग मुलीला फोन लावला. "ये इकडं. चुकलो ते सांगायचंय. तेही मीच सांगणार, दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

दुसऱ्या व्हिडिओत सुरुवातीला दादा आहे, एकच वाक्य. "काहीही आणा म्हणालो, ते चूक." मग पुढं फक्त धाकटीचे हात, दोरा ओढणारे. तिचा आवाज पहिल्यांदाच आला, दमलेला. "दोरा काढा. पिशवी घरी न्या. तसबिरीची काच, चौकट वेगळी करा. घरात कुंडी असेल तर थोडी फुलं सुकवून, कुस्करून तिथंच मातीत घाला. माझ्याकडं आणलीच पाहिजेत असं नाही."

साडेतीनशे लोकांनी बघितलं.

दोघा भावंडांनी सात दिवस चिखलात सुका पाला, लाकडाचा भुसा आणि जुनं खत मिसळलं, दिवसाआड उलथलं. दाराशी पिशव्या येतच होत्या, पण निम्म्या झाल्या. देवळाबाहेर हार विकणाऱ्या बाईनं नायलॉनऐवजी सुती दोरा आणला. गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणाली, पण बघते.

आठव्या दिवशी अध्यक्ष आले. रुमाल खिशातच ठेवला, हौदावर वाकले.

"अजून थोडा वास येतोय."

"पंधरा दिवस लागतील," धाकटी म्हणाली.

"महिना घ्या. मग बघू."

अध्यक्ष गेल्यावर दादा म्हणाला, "बघितलंस? आपल्यापुढं चालतं काय कुणाचं."

"दादा, तो पाला आण," धाकटी म्हणाली, आणि खराटा टेकून तिथंच पायरीवर बसली.