‘ज’खालचं टिंब

माझी मैत्रीण नऊ वर्षांची असताना तापात तिची नजर गेली. आम्ही दोघी नाचणगावच्या, एकाच आळीतल्या. तेव्हापासून मी तिला वाचून दाखवत आले. आधी शाळेची पुस्तकं, मग कॉलेजची, मग तिच्या नोकरीच्या परीक्षेची. ती अंध मुलींच्या एका निवासी शाळेत मराठीची शिक्षिका झाली. दोन वर्षांनी त्याच शाळेच्या ऑफिसात मी कारकून म्हणून लागले. लोक म्हणायचे, नशीब बघा, दोघी पुन्हा एकत्र. मला त्यात नशिबाचं काही वाटलं नाही. तिला वाचून दाखवायला मी असणारच होते.

आमच्या शाळेत ब्रेलची पुस्तकं नेहमी उशिरा येतात. तोवर धडे मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करायचे आणि मुलींनी ते ऐकायचे, अशी पद्धत आहे. ते काम माझं. दुपारी जेवण झालं की मी पुस्तक घेऊन तिच्यासमोर बसायची. ती हात मांडीवर ठेवून ऐकायची. माझं काही चुकलं की उजवा तळहात वर करायची. बोलायची नाही. मी ते वाक्य पुन्हा घ्यायची.

माझं चुकायचं ते एकाच ठिकाणी. मराठीत ‘ज’ दोन तऱ्हांनी म्हणतात, ‘च’ही तसाच. एकदा जीभ टाळूला लागते, एकदा दातांमागे. लिहिताना अक्षर तेच. देवाचा जप वेगळा आणि ‘तब्येतीला जप’ मधला जप वेगळा. माणसाची जात वेगळी आणि ‘ती घरी जात होती’ मधलं जात वेगळं. जून महिना वेगळा, जून भेंडी वेगळी. बोलताना आपण कधी चुकत नाही, कारण काय बोलायचं ते आधीच माहीत असतं. वाचताना मात्र शब्द आधी येतो आणि अर्थ मागून. ‘जप’ दिसलं की मी पटकन काहीतरी म्हणून मोकळी व्हायची आणि वाक्याच्या शेवटी कळायचं की दुसरा जप हवा होता. तळहात वर.

इंग्रजीत तर विचारूच नका. एका धड्यात आजीच्या गालावरून ‘टिअर’ ओघळतं. टी-ई-ए-आर. वर्गात वाचताना मी ‘टेअर’ म्हटलं. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, गालावरून फाटलं कसं?” सगळा वर्ग हसला, मैत्रीणही हसली. मीही हसले. तेव्हा मला कशाचं वाईट वाटायचं नाही. चुकले तरी माझ्याशिवाय तिला कोण होतं?

मग एक बाई आली. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुलगावला राहायला आलेली, तिशी-पस्तिशीची. माहेर जबलपूरकडचं, हिंदी घरातलं. सासर मराठी. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन तास वाचून देईन म्हणाली. मुख्याध्यापिकेनं लगेच हो म्हटलं. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, हिंदीवाली आहे, तिला हे दोन ‘ज’ कुठून यायला? हिंदीत हा दातामागचा ‘ज’ नाहीच. एक आठवडा टिकेल.

पहिल्या मंगळवारी मी मुद्दाम दारात उभी राहिले. तिनं सातवीचा धडा घेतला. त्यात एक म्हातारा चार गायी चारत होता. ‘चार’ आणि ‘चारत’, एक टाळूचा, एक दाताचा, एकामागे एक. तिनं दोन्ही नीट म्हटले. तासभर वाचलं. मैत्रिणीचा हात मांडीवरून हलला नाही. शेवटी तिनं पुढे वाकून त्या बाईचा हात शोधला आणि धरला.

“किती सुरेख वाचता व तुम्ही,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत मला ती असं कधी म्हणाली नव्हती. मला ती म्हणायची, “हं, पुढं.”

नंतरचे दोन महिने मी कसे काढले ते सांगायला लाज वाटते. मंगळवारी आणि शुक्रवारी माझं ऑफिसच्या कामात लक्ष लागेना. त्या बाईसाठी चहा जायचा तो मी अर्धा कप करून पाठवायची. रेकॉर्डिंग सुरू असताना मी शेजारच्या खोलीतलं कपाट उघडायची, जोरानं लावायची. मैत्रीण एकदा म्हणाली, “विज्ञानाचं पुस्तकही तिच्याचकडून घेऊ. तू ऑफिसचं बघ, तुले किती कामं राहतात.” तिला माझी काळजी वाटली असेल. मला ऐकू आलं ते वेगळंच.

एका मंगळवारी ती बाई पुस्तक माझ्या टेबलावर विसरून गेली. मी उघडलं. पानापानावर शिसपेन्सिलीनं बारीक टिंबं दिलेली होती. काही ‘ज’ आणि ‘च’ यांच्या खाली, काहींच्या खाली नाही. दोन ओळी वाचल्या आणि उलगडा झाला. जिथे जीभ दाताला लावायची तिथे टिंब. ही बाई घरून सगळी खूण करून आणत होती! मला चोर सापडल्यासारखा आनंद झाला. मी तशीच मैत्रिणीकडे गेले.

“अवं, तिले काही येत नाई. टिंबं देऊन देऊन वाचून राह्यली ती.”

“मले माहीत आहे,” मैत्रीण म्हणाली. “मीच सांगितलं तिले. रोज संध्याकाळी फोन करते ती. एकेक वाक्य वाचते, मी सांगतो कुठं टिंब द्यायचं. लय मेहनत आहे तिची.”

रोज संध्याकाळी. मला वाटत होतं दोन दिवस तिचे आणि बाकीचे माझे. मी “बरं” म्हणून परत आले आणि टेबलाशी बसून राहिले.

शुक्रवारी ती बाई नववीच्या वर्गात मुलींसमोर एक गोष्ट वाचणार होती. गोष्ट याच पुस्तकात होती, मला माहीत होती. एक आजारी आई खाटेवर पडलेली असते. लेकीला शिकायला गाव सोडून जायचं असतं, पण आईला टाकून तिचा पाय निघत नाही. शेवटी आई तिच्या डोक्यावर हात ठेवते आणि एकच शब्द बोलते. “जग.” मनासारखं जगून घे, अशा अर्थाचा. ‘ज’खाली टिंब होतं. मी खोडरबर घेतलं आणि ते पुसलं. दुसरं काही केलं नाही. बाकीची सगळी टिंबं तशीच ठेवली. पुस्तक दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर तिच्या घरी पाठवलं.

शुक्रवारी मी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. सही घ्यायचा बहाणा होता, हातात कागद होते. बावीस मुली स्तब्ध ऐकत होत्या. ती सुंदर वाचत होती. खाटेजवळचा कंदील, लेकीची बांधून ठेवलेली पेटी. मग तिनं आवाज खाली आणला.

“माय म्हणाली, ‘जग.’”

टाळूचा ‘ज’. दुनिया या अर्थाचं जग.

मग पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “बाई, कोणतं जग? जगाचं काय?” दुसरी म्हणाली, “ती दुनियेले शिवी देऊन राह्यली असंल.” दोघीतिघी फिस्सकन हसल्या.

मैत्रिणीचा तळहात वर गेला.

याच क्षणाची मी दोन महिने वाट पाहत होते. माझे कान गरम झाले. त्या बाईनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. त्या शब्दावर बोट फिरवलं. कागद तिथे जरा खरबरीत झाला असणार आणि पेन्सिलीचा काळपट डाग राहिला असणार, हे मला तेव्हा सुचलं. तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. वर्गात डोळे आम्हा दोघींनाच होते.

“माफ करा,” ती मुलींना म्हणाली. “टिंब द्यायचं माझ्याकडून राहिलं.”

तिनं शब्द पुन्हा घेतला, बरोबर घेतला. पण पुढचं अर्धं पान तिचा आवाज कापत होता. टिंबं असूनही दोन ठिकाणी ती अडली.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. फोनही नाही. मैत्रीण मला म्हणाली, “तू वाच.” मी वाचायला बसले. पहिल्याच परिच्छेदात दोनदा चुकले. तिसऱ्यांदा तिनं हात वर केला तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि सांगून टाकलं. खोडरबर, शुक्रवार, सगळं.

तिनं वर केलेला हात खाली घेऊन मांडीवर ठेवला.

“मुलींच्या पुढ्यात मी तिले थांबवलं,” ती म्हणाली. “माह्या हातानं. काऊन केलं व असं?”

“तू माह्यासंगं कधी रोज संध्याकाळी बोलली का?” मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. “तिले शिकवतेस. मले नुसता हात दाखवतेस.”

“तुले शिकवायचं काय? तू माह्या घरची.”

“मंग सुरेख वाचतेस असं घरच्याले म्हणत नाई का कोणी?”

तिनं पाण्याचा पेला चाचपून घेतला, प्याली आणि म्हणाली, “उद्या पुलगावले जाजो. तिले सांगजो. मी येणार नाई तुह्यासंगं.”

मी गेले. दोन खोल्यांचं घर होतं. सासूबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. त्या बाईनं मला बसायला खुर्ची दिली. मी माफी मागितली. घरून पाठ करून आणलेली वाक्यं होती, मधेच तुटली.

“रबर का निशान मैंने देखा था, ताई,” ती म्हणाली. मग मराठीत आली. “मला खूप राग आला. दोन दिवस रडले पण. लग्न झालं तेव्हा इथे सगळे माझ्या बोलण्याला हसायचे. वाटलं, आता मुलीपण हसल्या.”

सासूबाईंनी लसणाचं ताट बाजूला ठेवलं आणि मला चहा घेणार का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं तरी त्यांनी केला.

चहा पिताना त्या बाईनं पुढचा धडा काढून माझ्यापुढे ठेवला. पेन्सिलही दिली. “तुम्ही द्या टिंबं,” ती म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता. ती माझ्याकडून काम करून घेत होती आणि ते बरोबरच होतं. मी द्यायला लागले. पहिल्याच ओळीत ‘वाचा’ आला. मी टिंब देणार, तेवढ्यात थांबले. पुढे वाचलं, तर त्या माणसाची वाचा गेली होती, भीतीनं. टिंब नको होतं. मग मी प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत वाचून मगच पेन्सिल टेकवायला लागले. चार पानांना सव्वा तास लागला. ती शेजारी बसून बघत होती, मधूनच “इथे का नाही?” विचारत होती. मी सांगत होते.

आणखी एका आठवड्यानं ती शाळेत आली. नववीच्या मुलींना तिनं ती गोष्ट पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवली. मी वर्गात गेले नाही.

आता टिंबं द्यायचं काम माझ्याकडे आहे. माझं स्वतःचं वाचनही थोडं सुधारलं, कारण मीही आदल्या दिवशी धडा वाचून ठेवते. मैत्रीण आणि मी पूर्वीसारख्या बोलायला लागेपर्यंत दिवाळी उजाडली. हेवा गेला असं मात्र म्हणता येत नाही. परवाच विज्ञानाचं पुस्तक आलं. मैत्रीण म्हणाली, “हे तिच्या आवाजात घेऊ. मुलींना तिचा आवाज आवडते.” मी “घे” म्हटलं, पुस्तक घेऊन टेबलाशी बसले आणि पहिल्या धड्याची टिंबं द्यायला लागले.