निरोपातली माया

मशीनवर सतत टीप घालत बसायच्या, म्हणून गल्लीत सगळे त्यांना टीपकाकू म्हणत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांना उठवून कपडे बदलताना सासू-सून दोघींच्याही डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून काकूंनी खांद्यावर आणि बाजूने उघडणारा झगा शिवला. सासूबाई गेल्या, झगा मात्र दवाखान्यापर्यंत पोचला. आता तिथल्या मेट्रनबाईंनी भलीमोठी मागणी दिली होती आणि काकूंकडे मशीन होतं एकच. महिनाअखेरीपर्यंत होकार गेला नाही, तर काम दुसरीकडे जाणार होतं.

मेट्रनबाईंनीच एक नंबर दिला. औषधी सामानाचे जुने व्यापारी, आता नव्या धंद्यांत भांडवल घालणारे. "थोडक्यात लिहा हं," त्या म्हणाल्या.

काकूंनी लिहिलं आणि नणंदेपुढे मोबाईल धरला. नणंद एका साहेबांची सेक्रेटरी, असे निरोप रोज चाळणीतून काढणारी.

"वहिनी, हा निरोप आहे की आईचं चरित्र? झगा कुठाय यात?"

"खाली खाली जा की, येतो."

"तोवर तुमचे व्यापारीसाहेब जेवायला जातील! आणि शेवटी हे काय? 'सवड झाल्यास भेटावं, नाही जमलं तरी राग नाही.'"

"थोडी माया सोडली, वन्सं."

पुढे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात, ती माया. काकू बोलण्यातही ती सोडायच्या.

"ती कपड्याला सोडा. इथे तुम्हीच त्यांना नाही म्हणायची सोय करून देताय!"

मग दोघींनी कात्री चालवली. उरलं ते असं:

"नमस्कार. आजाऱ्याला न उठवता बदलता येतील असे कपडे मी शिवते. दवाखान्याची मोठी मागणी आलीय, मशिनं कमी आहेत. भांडवलाबद्दल बोलायला पंधरा मिनिटं हवीत. मंगळवारी की बुधवारी सकाळी येऊ? नंबर मेट्रनबाईंनी दिला."

काकूंना ते फार उद्धट वाटलं. डोळे मिटून त्यांनी बटण दाबलं.

संध्याकाळी उत्तर आलं. "बुधवारी अकराला. झगा आणा."

व्यापाऱ्यांच्या केबिनमध्ये काकूंनी इकडचं तिकडचं काही काढलंच नाही.

"साहेब, जरा कोचावर आडवे होता?"

"मी?"

"आजारी माणूस आणायला सांगितलं नव्हतंत."

साहेब हसत आडवे झाले. पाठ न उचलता झगा अंगात चढला आणि तसाच उतरलाही.

"काय हवंय तुम्हाला?" त्यांनी पडल्यापडल्याच विचारलं.

"चार मशिनं आणि कापडाचा साठा. बदल्यात धंद्यात वाटा."

साहेब उठून बसले. "माझा होकार. वाटा किती, ते शुक्रवारी तुमची शिवणखोली आणि हिशेब बघून ठरवू." घड्याळाकडे बघत ते म्हणाले, "वेळ उरला की, बाई!"

"ती माया, साहेब," काकू झग्याची घडी घालत म्हणाल्या, "पुढे लागेल."

जिन्यातच त्यांनी मेट्रनबाईंना फोन लावला. "काम घेतलं," एवढंच बोलल्या.