भाच्याचा नंबर

साताऱ्याच्या शाखेतून मला सांगलीला तक्रारींच्या टेबलावर आणून बसवलं, तेव्हा मी खूश झालो होतो. गावोगाव फिरणं सुटलं, पंख्याखाली खुर्ची मिळाली. ती खुर्ची कसल्या उकिरड्यावर ठेवलीय, हे मला मार्चात कळलं.

आमची कंपनी बेदाण्यासाठी लागणारं सामान विकायची. द्राक्षं रॅकवर वाळत घालण्याआधी ज्या पाण्यातून बुडवून काढतात, त्यात मिसळायचं डिपिंग ऑइल आणि पावडर. तासगावकडच्या एक काकी दर हंगामात आमचाच माल न्यायच्या. नवरा गेल्यापासून बाग त्याच बघत. त्या दिवशी त्या कार्यालयात आल्या त्या पिशवीतून बँकेचा उतारा काढतच. त्यांच्या नावावर विलंब आकार लागला होता, थकबाकीदार म्हणून माल अडवला होता, आणि परवा द्राक्षं उतरायची होती. मजूर ठरले होते. उतरलेला माल बुडवल्याशिवाय ठेवला तर सडतो, हे आमच्या शिपायालाही ठाऊक होतं.

"आवं साहेब, फेब्रुवारीत माल नेला, तवाच पैसे भरल्यात. ही थकबाकी कसली?"

आधीच्या तक्रारीच्या नोंदी काढल्या. काकींनी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा कुणीतरी 'ग्राहकाला बिल भरण्यास सांगितले' असं लिहून तक्रार निकाली काढली होती. किती तक्रारी मिटवल्या यावर शाबासकी मिळायची, त्या खऱ्याच मिटल्या का हे कोण विचारतो? मला शिसारी आली, पण ती तर नुसती सुरुवात होती.

पैसे खरंच आले होते. पण ते फेब्रुवारीच्या बिलावर चढलेच नव्हते. त्यांच्या नावावर जानेवारीच्या शेवटच्या दिवसाचं एक बिल आधीच उघडं होतं, आणि आमच्या संगणकात पैसे आले की आधी सगळ्यात जुनं बिल फिटतं. काकी म्हणाल्या, जानेवारीत मी कायबी नेलं न्हाई. ते बिल उघडलं. माल एवढा, की त्यांची बाग दोनदा बुडाली असती. गाडी नंबरचा रकाना कोरा, माल मिळाल्याची सही नाही. पुढे फेब्रुवारीत तोच माल 'परत आला' म्हणून दाखवून बिल रद्द केलेलं. जो माल गोदामातून हललाच नाही, तो परत काय येणार, कपाळ? महिनाअखेरीचं टार्गेट भरायला खोटी विक्री दाखवायची आणि नव्या महिन्यात ती गुपचूप फिरवायची, हा आमच्याकडचा जुना धंदा.

बिल रद्द झालं म्हणजे त्यावर चढलेले काकींचे पैसे मोकळे झाले. ते फेब्रुवारीच्या बिलावर वळवायला हवे होते. त्याऐवजी ते 'ग्राहकाला परतावा' म्हणून मोबाईलवरून देऊन टाकलेले. कुणाला, हे रोखपालाला विचारलं. म्हणाला, काकींच्या भाच्याला, खात्यावर त्याचाच नंबर आहे.

आमच्याकडे ही एक घाणेरडी सवयच. खातं बाईचं असलं की तिला फोनमधलं काय कळतंय म्हणायचं आणि घरातल्या कुठल्यातरी पुरुषाचा नंबर लावायचा. ऑर्डर पक्की करायचा ओटीपीही त्याच नंबरवर जातो. काकींना विचारलं. म्हणाल्या, मला भाचाच न्हाई.

मी त्यांच्यासमोरच तो नंबर लावला. पलीकडून आमच्याच विक्री प्रतिनिधीचा आवाज आला. जानेवारीची ऑर्डर त्यानंच टाकली होती. सगळी घाण तिथून वाहत आली होती.

साहेबांकडे गेलो. ते चिडले ते माझ्यावर. पैसे तो आतल्या आत भरेल, विलंब आकार माफ करतो, माल आत्ता सोडतो, म्हणाले. फक्त तक्रारीच्या कागदावर 'ग्राहकाच्या गैरसमजातून' असं लिहून काकींची सही घ्यायची. सही नाही तर चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत माल बंद. टार्गेटचा बोनस त्यांनीही खाल्ला होता, हे त्या खोलीतल्या भिंतींनाही माहीत असावं.

काकींना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. सही करू नका, मी वर लिहितो, असंही म्हणालो.

"आनि तवर द्राक्षं कुठं ठिवू?"

त्यांनी कागद ओळ न ओळ वाचला. मग माझ्या टेबलावरचं पेन उचलून सही केली.

"बराबर लिवलंय. गैरसमज माझाच हुता. तुमी सरळ मानसं हायसा, असं मी धा वर्सं समजत हुते."

कागद माझ्याकडे सरकवून त्या कॅन मोजून घ्यायला गोदामाकडे गेल्या.